दर चार मीटरवर

लोणी देवकरच्या कारखान्यांच्या वसाहतीतला तो पाचशे मीटरचा रस्ता म्हणजे मानसिंगच्या नावावरचं पहिलं काम. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली मुरूम पसरला, रोलर फिरवला, शिव्या खाल्ल्या. आता पाटीवर त्याचं नाव लागलं होतं. जळोचीत त्याच्या बापानं मेंढरं राखली, त्याच जळोचीत लोक त्याला 'ठेकेदार' म्हणायला लागले होते. माणसाला दुसरं काय हवं असतं हो?

जमीन मात्र वाईट. काळी, चिकट, पाणी प्यायली की फुगणारी. तिच्यावर नुसता दगड टाकला तर वर्षभरात दगड खाली जातो न् चिखल वर येतो. म्हणून इंजिनिअर बिडकरसाहेबांनी दगडाखाली जिओटेक्स्टाइल घालायला लावलं होतं. मजूर त्याला नुसतं कापड म्हणत. पांढरं, ब्लँकेटासारखं जाड. पाणी जाऊ देतं, माती अडवतं.

"पट्ट्यावर पट्टा अर्धा मीटर चढवायचा," साहेबांनी बजावलं होतं. "ज्या पट्ट्यावर दगड पडलाय, त्याची कड वर. पुढचा पट्टा तिच्याखाली. नाहीतर दगड ढकलताना कड उचकटते."

मानसिंगनं हिशेब मांडला होता. रोल चार मीटर रुंद, शंभर मीटर लांब. रस्ता अकरा मीटर रुंद, म्हणजे एका रोलातून नऊ आडवे पट्टे. पट्टा चार मीटरचा, पण अर्धा मीटर दुसऱ्याखाली जाणार, म्हणून धरायचा साडेतीनच. पाचशे मीटरला एकशे त्रेचाळीस पट्टे, सोळा रोल. सोळा रोल आले, मोजून उतरवले. तेवढ्यात जुन्या मालकाच्या सुप्याच्या कामावर रस्त्याखालची मोरी खचली, म्हणून त्याला तिकडं धावावं लागलं. कापड अंथरायचं काम त्यानं सख्ख्या भावावर, सिद्धूवर सोपवलं. सिद्धूला त्यानं पोराच्या मायेनं वाढवला होता. परक्यावर सोपवलं असतं तर डोक्याला घोर लागला असता.

"बिनघोर जा दादा," सिद्धू म्हणाला होता. "सोळाच्या सोळा रोल जमिनीत घालतो."

मानसिंग परत आला तेव्हा रस्ता दगडमुरुमानं झाकला होता. शेड रिकामी होती. भावाच्या पाठीवर थाप मारून त्यानं सगळ्या टोळीला भजी खाऊ घातली. वेडा गडी!

भाद्रपदात पाऊस लागला, आणि मालाच्या जड गाड्या कारखान्यांत जायला लागल्या. पंधरवड्यातच बिडकरसाहेबांचा निरोप आला. मानसिंग जीप घेऊन गेला. रस्त्यावर चढला तसे धक्के बसायला लागले. खड्ड्याचे नव्हेत. खड्डा कसा, कुठंही पडतो. हे धक्के सारखे येत होते, ठरल्या अंतरावर. तो खाली उतरला. रस्ताभर आडव्या खाचा पडल्या होत्या आणि प्रत्येक खाचेत दगडांमधून काळा रबरबीत चिखल वर आला होता.

त्यानं टेप काढला. या खाचेपासून त्या खाचेपर्यंत चार मीटर. पुढची, चार. त्याच्या पुढची, चार. साडेतीन कुठंच नाही.

मानसिंगनं टेप गुंडाळला. चार मीटर म्हणजे पट्ट्याला नुसता पट्टा लावलेला, कडेला कड. एक वीतही चढ नाही. गाडीचा भार आला की दोन्ही कडा फाकायच्या न् मधून माती वर यायची. आणि तसं अंथरलं तर पाचशे मीटरला सव्वाशेच पट्टे लागतात, चौदा रोल. मग उरलेले दोन?

ते शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. जळोचीतलं त्यांचं कालव्याकडचं रान चोपण झालेलं, पाणी साचून पांढरं पडलेलं. उन्हाळ्यात सिद्धूनं तिथं चर खांदून निचऱ्याची पाइपलाइन टाकली होती. मानसिंग थेट रानात गेला. चराच्या तोंडाशी पाइपाभोवती तेच पांढरं कापड गुंडाळलेलं होतं, आणि गोठ्याच्या माळ्यावर राहिलेल्याच्या घड्या होत्या. सिद्धू वैरण टाकत होता. भावाचं तोंड बघून तो समजला.

"आपल्याच घरात ऱ्हायलं की दादा," तो म्हणाला. "रान दोघांचं हाय. माती कुजत चालली व्हती. कापडाखाली कोण बघायला बसलंय, आसं वाटलं."

"चोरानं नेलं असतं तर मी त्याला हुडकून बडवला असता," मानसिंग म्हणाला. "तू माझ्या ताटाला ताट लावून जेवत व्हतास. मी तुझं कवतिक करत व्हतो आन तू माझ्या तोंडाकडं बघत व्हतास. कसं रं बघवलं तुला?"

सिद्धू रडला. पाय धरले. "उद्या साहेबापुढं मी सांगतो. चूक माझी हाय. तुझ्या नावाला बट्टा लागू देणार न्हाय." आणि बघा माणसाचं मन कसं खुळं असतं, एवढं होऊनही मानसिंगला थोडं बरं वाटलं. कापड गेलं, रस्ता गेला, पण भाऊ हाताशी आहे, असं धरून तो झोपला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक खाच उकरायला लावली. टोळीचा मुकादम भीमा स्वतः खड्ड्यात उतरला. दगड बाजूला झाले आणि दोन पांढऱ्या कडा दिसल्या, मधे हातभर फट, फटीत चिखल.

"ओव्हरलॅप कुठं आहे?" साहेबांनी विचारलं. "कुणी अंथरलं हे?"

मानसिंगनं सिद्धूकडं पाहिलं. सगळी टोळी पाहत होती. वसाहतीतले दोन कारखानदार छत्र्या धरून उभे होते. सिद्धूनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं, आणि मान खाली घातली.

"आमी हुकमाची माणसं साहेब," तो म्हणाला. "दादानंच सांगितलं व्हतं, कडेला कड लावा म्हणून."

भीमा खड्ड्यातून उसळला. "आरं सिद्ध्या, खोटं..."

"भीमा, गप," मानसिंग म्हणाला. ठेकेदारानं धाकट्या भावावर ढकललं, असंच लोक म्हणणार होते. खरं सांगूनही नाव वाचणार नव्हतं. "साहेब, काम माझ्या नावावर हाय. माझ्या खर्चानं सगळा दगड उचलतो, कापड काढतो आन पुन्ना घालतो, अर्धा मीटर चढवून. तुमी सोता उभं ऱ्हावा."

"ते तर करावंच लागेल," बिडकरसाहेब म्हणाले. त्यांचा स्वर चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं. "पण मानसिंगराव, ह्यापुढं वसाहतीतलं काम तुम्हाला मिळणार नाही. मला वाटलं होतं तुम्ही वेगळे आहात."

कारखानदार छत्र्या मिटत निघून गेले. मजूर पांगले. मानसिंग जीपमध्ये बसला. बाजूचं दार उघडलं आणि सिद्धू नेहमीसारखा शेजारी येऊन बसला. कपाळावरचा घाम पुसत हळूच म्हणाला, "दादा, घाबारलो रं मी. एवढ्या माणसांत... तू समजून घेशील म्हणून बोललो. तू कायम घेतोस."

मानसिंगनं चावी फिरवली नाही. पुढं बघतच म्हणाला, "उतर."

"दादा?"

"उतर सिद्धू. आज आईपुढं मी तुझी तक्रार करणार न्हाय, बायकोपुढं न्हाय, कुणापुढं न्हाय. तुझं नाव माझ्या तोंडातनं निघायचं न्हाय. तू मघाशी म्हणलास तसंच हाय, तू हुकमाचा माणूस. मजूर. मजुरी भीमा देईल. घरची चूल उद्यापासनं येगळी."

सिद्धू उतरला. मानसिंगनं हात लांब करून त्याच्या बाजूचं दार ओढून घेतलं.