पंधरावं चित्र

मी संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. बावीस वर्षं गणित शिकवतेय. वर्गात पेन पडलं तरी मी आधी पेन उचलणाऱ्याकडं नाही, त्याच्या शेजारच्याकडं बघते. आमचे विभागप्रमुख राजेंद्र सर म्हणतात, "सरिता मॅडम, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." मला ते कौतुक वाटायचं.

त्या आठवड्यात एम.एस्सी. शेवटच्या सेमिस्टरच्या चाचणीचे पेपर तपासत होते. चाळीस पेपर. चौथा प्रश्न मीच काढलेला: चार घटकांच्या संचावरचे सगळे समतुल्य संबंध लिहा, कोणता कोणापेक्षा बारीक आहे त्या क्रमानं मांडा, आणि त्यांचं लॅटिस होतं हे दाखवा. समतुल्य संबंध म्हणजे साध्या भाषेत एकच सांगायचं असतं: चौघांपैकी कोण कुणाच्या गटात. चौघं चार गटांत, ही एक टोकाची गोष्ट. चौघं एकाच गटात, ही दुसऱ्या टोकाची. बाकी सगळं मधे. बारीक ते खाली, जाड ते वर. लॅटिस म्हणजे कोणत्याही दोघांच्या खालच्यांत सगळ्यात वरचा एक, तो मीट, आणि वरच्यांत सगळ्यात खालचा एक, तो जॉइन, सापडायलाच हवा.

तेविसावा पेपर धम्मपालचा निघाला. चितेगावचा पोरगा, तिथल्याच कंपनीत दुपारच्या शिफ्टला जातो. सकाळी वर्गाला येतो तेव्हा डोळे लाल असतात, आणि महिन्यातले आठ-दहा दिवस येतच नाही. ज्या दिवशी मी हा धडा शिकवला त्या दिवशीही तो नव्हता. हजेरीपटावर माझ्याच हातची फुली होती. आणि पेपर बघते तर काय, आकृती अशी देखणी की फळ्यावरची माझीच वाटावी! चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर एक, दोन, तीन, चार असे ठिपके, आणि एका गटातल्या ठिपक्यांभोवती वेटोळं. सगळ्यात वर एक चित्र, खाली सहा, त्याखाली सहा, तळाशी एक.

वर्गात नव्हता, मग माझं चित्र ह्याच्या हाताला आलं कुठून? मी बोट ठेवून मोजलं. चौदा. असायला हवेत पंधरा. एक-तीन एका गटात आणि दोन-चार दुसऱ्या गटात, एवढंच गायब होतं.

माझं डोकं सटकलं. ह्यानं कुणाचं तरी बघून लिहिलंय, हे मी ठरवूनच टाकलं. आता फक्त कुणाचं ते शोधायचं होतं. वर्गात पहिली येते सायली. मी तपासून बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यातून तिचा पेपर ओढला. तिचीही आकृती तशीच, एक-सहा-सहा-एक. तेच चित्र गायब. तिला मी वीसपैकी वीस दिले होते आणि वर 'सुंदर' असं लिहिलं होतं. म्हटलं, सापडला चोर.

राजेंद्र सरांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले. "बरोबर उत्तर दोघांचं सारखं येतं. चूक सारखी आली म्हणजे कॉपीच," ते म्हणाले. "पण दोघं वेगळ्या खोल्यांत होते ना?"

"मोबाइल असेल," मी म्हणाले. "नाहीतर पेपरच फुटला असेल."

सरांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. कॉपीची केस. पाच वाजेपर्यंत समितीकडं गेली, की धम्मपालचं अख्खं सेमिस्टर रद्द. वडील गेले त्या वर्षी त्याचं एक वर्ष आधीच वाया गेलेलं. दुसरं गेलं तर हा पोरगा कंपनीतून परत येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही मी सही केली. फक्त सरांना म्हणाले, "पाचला देऊ. त्याच्या तोंडूनच कबूल करून घेते."

तीनला तो आला. शिफ्टला उशिरा येतो असं सांगून आला होता, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. बसतोस का, असं मी विचारलं नाही. खडू पुढं केला आणि आधी पेपरातली आकृती फळ्यावर काढायला लावली.

"एक-दोन-तीन एकत्र, चार वेगळा. दुसरा संबंध, एक-तीन-चार एकत्र, दोन वेगळा. दोन्हींचा मीट सांग."

"एक-तीन एकत्र मॅडम. दोन वेगळा, चार वेगळा."

"कशावरून?"

"छेद घ्यायचा. दोन्हींत ज्या जोड्या हायेत तेवढ्याच ठेवायच्या." त्यानं जोड्या मांडल्या. "छेद पण समतुल्य संबंधच ऱ्हातो. अन् दोन्हींच्या खालचा कोणताबी संबंध घ्या, त्याच्या जोड्या ह्याच्यात बी असणार, त्याच्यात बी असणार. म्हंजे छेदात असणारच. म्हणून खालच्यांत छेदच सगळ्यात वर."

पाठ केलं असेल, मी मनात म्हटलं. "आणि जॉइन? तो कुठून आणणार?"

"दोन्हींच्या वर जेवढे हायेत, त्या सगळ्यांचा छेद. चौघं एकत्र असलेला तर वर हायेच, म्हंजे एक तरी सापडतोच. छेद तो जॉइन."

घाबरलेला माणूस असं बोलत नाही. मला त्याचाही राग आला. मग मी सापळा लावला. "पहिल्यात फक्त एक-तीन एकत्र. दुसऱ्यात फक्त दोन-चार. जॉइन सांग."

त्यानं फळ्यावर काढलेल्या आपल्या चौदा चित्रांकडं पाहिलं. दोन्हींच्या वर त्याला एकच चित्र दिसत होतं. "चौघं एकत्र."

"दोन्हींच्या जोड्या लिही आणि मिळव."

तो लिहीत गेला. प्रत्येकाची स्वतःशी जोडी, चार. मग एक-तीन, तीन-एक. मग दोन-चार, चार-दोन. आठ जोड्या. नुसत्या मिळवून बहुतेक वेळा समतुल्य संबंध होत नाही, एक-दोन आणि दोन-तीन असले की एक-तीनही घालावं लागतं. तो तेच तपासत बसला. एकामागून एक जोडी बोटानं धरत शेवटपर्यंत गेला आणि थांबला.

"मॅडम, ह्याच्यात काहीच घालायची गरज नाय. हा तर हाय तस्साच समतुल्य संबंध हाय!" त्यानं पुन्हा चित्रं मोजली. "पण माझ्या यादीत हा नाय. अरे बाप रे. पंधरा हायेत व्हय?"

मी त्याचा चेहरा बघत राहिले. चोराला चोरीचा माल बघून आश्चर्य वाटत नाही. "मग लिहिला का नाहीस?" मी विचारलं, आणि माझा आवाज उगाचच चढला.

"काढून बघितला व्हता मॅडम. काढता आला नाय." त्यानं एक आणि तीनभोवती तिरकं वेटोळं काढलं, मग दोन आणि चारभोवती. मधोमध दोन्ही एकमेकांवर चढली. "हे बगा, छेदतंय. अन् छेदलं की गट चुकला, असंच हाय ना?"

"हे कुणी सांगितलं?"

त्यानं पिशवीतून झेरॉक्सची पानं काढली. शहागंजात काढलेली, सायलीच्या वहीची. त्या दिवसाची तारीख, माझी चौकोनाची आकृती, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेली ओळ: 'मॅडम म्हणाल्या, दोन वेटोळी एकमेकांना छेदली तर समजा गट चुकले. चाचणीत लक्षात ठेवा.'

मी म्हणाले होते. अगदी ह्याच शब्दांत. एकच ठिपका दोन वेटोळ्यांत जाऊ नये, एवढंच मला सांगायचं होतं. घाईत भलतंच बोलून बसले. मोबाइल नव्हता, पेपर फुटला नव्हता, काही नव्हतं. दोन वेगळ्या खोल्यांत बसून दोघांनी माझंच ऐकलं होतं.

मी गठ्ठा ओढला. धम्मपाल तिथंच उभा होता, त्याला जा म्हणायचं मला सुचलं नाही. एकेक पेपर काढून मोजत गेले. शिवम, चौदा. तनुजा, चौदा. मंजुषा, पंधरा, तिनं चित्रं न काढता आकडेच लिहिले होते. मग पुन्हा चौदा. तपासलेल्या बावीस पेपरांत नऊ जणांचं तेच चित्र गायब होतं, आणि नऊच्या नऊ जणांना मी वीसपैकी वीस दिले होते. एक-सहा-सहा-एक असं डौलदार दिसलं की मी पान उलटलं होतं. खरी आकृती एक-सात-सहा-एक, थोडी बेढब.

लाज वाटली. कुठं तोंड लपवू असं झालं.

साडेचारला मी राजेंद्र सरांच्या टेबलावरचा अर्ज उचलला आणि फाडला. "अहो, काय करताय?" ते उभेच राहिले. "मग चूक कुणाच्या नावावर घालायची?"

"माझ्या," मी म्हणाले आणि दुसरा कागद घेतला. चौथा प्रश्न माझ्या चुकीच्या सूचनेमुळं बाधित, सर्वांचा पुन्हा तपासावा, असं लिहून खाली सही केली.  सरांनी कागद घेतला आणि खणात न टाकता समितीच्या लिफाफ्यात घातला.

परत आले तर धम्मपाल फळ्यापाशीच होता. मी सांगितलं, की त्याच्यावर कॉपीची केस होणार होती आणि आता होणार नाही. त्यानं ऐकून घेतलं. आनंद वगैरे काही दिसला नाही. मग त्यानं गठ्ठ्याकडं पाहिलं, त्या नऊ पेपरांकडं, आणि हळूच विचारलं, "मॅडम, ह्या समद्यांचे बी चौदाच व्हते. मग माझाच का मोजला?"

ह्याला उत्तर होतं. हजेरीपट होता, फुली होती, सगळं सांगता आलं असतं. पण शिवमही त्या दिवशी नव्हता. परत येताना हजेरीपट पुन्हा उघडला, तेव्हा ती फुली मी पाहिली होती.

"तुझी आकृती चांगली होती म्हणून," मी म्हणाले. "तुला ती येत असेल असं मला वाटलंच नाही."

"व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं व्हतंच."

मग तो फळ्याकडं वळला. दोन-चारचं वेटोळं पुसलं आणि दोनपासून निघून, एकच्या बाहेरून लांब वळसा घालत चारपर्यंत नेलं. कुठंच काही छेदलं नाही. "असं बी निघतंय की मॅडम," तो म्हणाला, खडू माझ्या टेबलावर ठेवला आणि शिफ्टला उशीर झाला म्हणून निघून गेला.