खोलीची शांतता

विशाखाला दिवसभर माणसं बोलताना दिसत, तिच्याशी मात्र कुणी बोलत नसे. औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून ती लोकांचे व्हिडिओ छाटून द्यायची. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात म्हणतात. पण अडखळत बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. ते खपवून देणं हा तिचा धंदा.

अजिंठ्याच्या कारभारीकाकांचा अद्रकीच्या लागवडीवरचा व्हिडिओ तिनं मागच्या उन्हाळ्यात केला होता. काकांना अद्रकीचं सगळं ठाऊक, पण दर वाक्याला ‘म्हंजी’, ‘ते काय’, आणि मग मोबाइलच्या मागं बघत ‘व्हय ना गं?’ मागं बसलेल्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाई ‘हं’ म्हणायच्या, तेव्हा गाडी पुढं सरकायची. विशाखानं ते सगळं उडवलं. जिथं कापल्यामुळं काकांचं डोकं एकदम हललेलं दिसे, तिथं चित्र जरा जवळ घेतलं, कुठं बेणं निवडणारे हात दाखवले. वाक्याआधीचा श्वास तेवढा राखला. आणि सांध्यांखाली त्याच खोलीची शांतता पसरली, म्हणजे कापलेल्या जागी कानाला खड्डा लागत नाही. ही शांतता ती प्रत्येकाकडून वेगळी रेकॉर्ड करून मागून घेई. “काका, पंखा चालू राहू द्या, अन् थोडा वेळ कुणीच बोलू नका.”

व्हिडिओ बघून काका हसले होते. “मी येवढा हुशार कधी झालो?”

आज त्यांचाच फोन आला. “पोरी, ते कापलेलं हाय का तुझ्याकडं? हिचं ‘हं’?” द्वारकाबाई दिवाळीनंतर गेल्या होत्या. “फोटो लई हायेत. आवाज नाय. माझ्या मोबाइलातलं तर जागा नाय म्हणून तवाच पुसलं.”

काम करून दिलं की मूळ व्हिडिओ पुसायची विशाखाचीही रीत होती. तिनं खरं ते सांगितलं. काका “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

तिनं तयार व्हिडिओ लावून पाहिला. कुठं एक ‘हं’ निसटलं असेल! एकही नव्हतं. स्वतःच्या सफाईचा असा राग तिला कधी आला नव्हता.

मग शांतता आठवली. त्या छोट्या फायली ती टाकून देत नसे. काकांच्या खोलीची तिनं उघडली. पंखा. बांगड्यांची बारीक किणकिण. कामापुरता मधला तुकडा घेऊन तिनं ती सोडून दिली होती, शेवटपर्यंत ऐकली नव्हती. आता ऐकली. शेवटी द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, “झालं की हो. बोला आता. किती गप बसताल?”

विशाखाला रडू फुटलं. सुरुवातीचा रिकामा भाग छाटायला सवयीनं हात गेला, तो तिनं मागं घेतला आणि फाइल आहे तशी पाठवली.

थोड्या वेळानं काकांचा फोन आला. कुणीच बोललं नाही. पलीकडं तोच पंखा फिरत होता.

“बोलतो गं,” काका म्हणाले, “बोलतो.”

ते विशाखाला नव्हतं. तरी तिनं फोन ठेवला नाही. काका जरा थांबले, तेव्हा ती हळूच म्हणाली, “हं.”