कलपाचे हात

न्हाव्याचा फोन आरशाखालीच पडलेला असे. ओटीपी आला की लॉक स्क्रीनवर झळके आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक तो खणखणीत वाचून दाखवी, बँकेचासुद्धा! शेवटी बायको भडकली. तिने लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवला, मेसेजच्या ॲपला वेगळा पिन लावला आणि बजावलं, "आता कुणाच्या बापाला दिसणार नाही."

दुसऱ्या दिवशी नवी खुर्ची आली. टेम्पोवाला दारातूनच कोड मागू लागला. स्क्रीनवर नुसतं 'नवीन मेसेज'. न्हाव्याचे दोन्ही हात कलपाने काळेकुट्ट. बाकावरच्या निवृत्त मास्तरांनी फोन उघडला, कारण फोनचा आकडा दुकानात सगळ्यांना पाठ होता. मेसेजने मात्र वेगळा पिन मागितला.

"सात चार नऊ दोन!" न्हावी ओरडला. खुर्ची आत आली.

तेवढ्यात बायको हजर. "पिन कुणाला सांगितला नाहीस ना?"

"छे! जीव गेला तरी सांगणार नाही."

"बरं, काय ठेवला होता? मीच विसरले."

फेसातून, टॉवेलातून, बाकावरून एकसुरात उत्तर आलं, "सात चार नऊ दोन!"

मास्तर दटावत म्हणाले, "हळू! बाहेर ऐकू जाईल."