वावर रिकामं कोणी करायचं

चुनखडीच्या खाणीच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश अश्वजितने खैरटेक गावात बेबीताईंच्या ओट्यावर वाचून दाखवला, तेव्हा बाया माना हलवत होत्या. हा सारांश आधी इंग्रजीवरून कोणीतरी शब्दाला शब्द लावून केला होता. तो लोकांना कळेल असा पुन्हा लिहायचं काम यवतमाळच्या अश्वजितकडे होतं. मग तो ग्रामपंचायतीत ठेवायचा आणि महिनाभराने जनसुनावणी.

“सुरुंगाच्या वेळी सुरक्षिततेसाठी पाचशे मीटरचे धोकाक्षेत्र रिकामे करण्यात येईल,” त्याने वाचलं.

“चांगलं हाय की,” बेबीताई म्हणाल्या. “करू द्या रिकामं.”

अश्वजितने नकाशा उघडला. खाणीच्या हद्दीभोवतीच्या गोलात बेबीताईंचं वावर होतं, शेजारी बसलेल्या जुबैदाचंही होतं.

“म्हंजे आमीच पळाचं?” बेबीताईंचा आवाज चढला. “दुपारी? वेचणी टाकून?”

“हो. एक ते दोन. सुरुंग असेल त्या दिवशी.”

“बाया किलोवर कापूस वेचतेत, भाऊ. तेवढ्या वेळाची मजुरी कोन देते? तुमचा गोल?”

जुबैदा हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. “उपाय इनका, भागना हमको.”

अश्वजित परतला तो धुमसतच. गेल्या वर्षी बायको प्रेरणाच्या ऑपरेशनआधी त्याच्यापुढे एक कागद सरकवला होता. ‘धोक्याची कल्पना देण्यात आली आहे.’ त्याने सही केली. कल्पना कोणीच दिली नव्हती. प्रेरणा वाचली नाही. समजलं असतं तर ती वाचली असती असं तो म्हणत नव्हता. पण दोन प्रश्न तरी विचारता आले असते. ते प्रश्न विचारायचेच राहिले होते.

त्याने ते वाक्य नव्याने लिहिलं: ‘सुरुंगाच्या दिवशी दुपारी एक ते दोन, खाणीच्या हद्दीपासून पाचशे मीटरच्या आतल्या शेतांतून सगळ्यांना काम सोडून बाहेर जावं लागेल. आधी भोंगा वाजेल. या वेळेच्या मजुरीची भरपाई अहवालात नाही.’ खाली शेतांचे गट नंबर दिले. धुळीसाठी रस्त्यावर पाणी मारायचं होतं, तिथे कंपनी दिवसातून किती वेळा मारणार आणि ते पाणी कुठून आणणार हेही अहवालातून काढून लिहिलं.

खाणीचा अहवाल करणाऱ्या आणि अश्वजितला हे काम दिलेल्या सल्लागार कंपनीचा प्रकल्पप्रमुख नयन हे वाचून खुर्चीतून उठला.

“अश्वजित, लोकांना समजवायचंय की भडकवायचंय?”

“यातलं खोटं काय ते सांगा.”

“खोटं काही नाही, पण असं कोणी लिहीत नाही.”

“म्हणजे समजलं की ते भडकतील, हे तुम्हालाही माहीत आहे.”

नयनने पेन्सिल उचलली. “भरपाईचं वाक्य निघेल. अहवालात जे नाही, ते सारांशात येत नाही. बाकीचं राहू दे. उद्या कोणी म्हणायला नको की माहिती दडवली. अर्जच फेटाळला जाईल.”

तेवढ्यावर कागद प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेला.

सुनावणी गावाबाहेरच्या मांडवात झाली. अपर जिल्हाधिकारी बाई अध्यक्ष होत्या, शेजारी मंडळाचे अधिकारी, समोर कॅमेरा. अश्वजित सल्लागारांच्या रांगेत बसला होता. बेबीताई सारांशाची गुंडाळी हातात धरून उभ्या राहिल्या.

“आमाले काम सोडून जावं लागन, हे लिहलं. समजलं. मजुरी कोन देईन, ते कुठं लिहलं?”

कंपनीचे साहेब माइककडे वाकले. “सहानुभूतीपूर्वक विचार करू.”

“विचार तर आमी बी करून राह्यलो!” मांडवात हशा उठला, मग आरडाओरडा. “द्याची का नाही, तेवढं सांगा!”

अध्यक्ष बाईंनी हात वर करून शांत केलं आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब बराच वेळ शेजाऱ्याशी कुजबुजले.

“देऊ. त्या वेळेची मजुरी कंपनी देईल.”

शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायला घेतलं. लोक उठायला लागले होते, धूळ झटकत होते. मंडळाचा कारकून भराभर वाचत होता: “...मजुरीच्या मागणीचा योग्य तो विचार करण्यात येईल.”

अश्वजित उभा राहिला. नयनने त्याची बाही ओढली.

“बस खाली! आपण कंपनीच्या बाजूने आहोत.”

“मॅडम, ते असं बोलले नाहीत,” अश्वजित ओरडला. त्याचा आवाज फाटला. “‘देऊ’ म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. कॅमेऱ्यात आहे. लोकांनी विचारलं एक आणि तुम्ही लिहिता भलतंच! एवढ्यासाठी बोलावलं यांना?”

मांडव थांबला. निघालेली माणसं परत आत आली. अध्यक्ष बाईंनी सहीचं पेन खाली ठेवलं.

“तसं बोलले होते का?” त्यांनी साहेबांना विचारलं.

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

“मग तसंच लिहा. पुन्हा वाचा.”

कारकुनाने ओळ खोडली, नवी लिहिली आणि या वेळी सावकाश वाचली. मगच सही झाली.

खाणीला मंजुरी द्यायची की नाही, ते दुसरीकडे ठरणार होतं. या कागदात एक ओळ खरी आली होती, आणि त्यासाठी माणसाला ओरडावं लागलं होतं. अश्वजितचा राग उतरला नव्हता.

“उद्यापासून येऊ नकोस,” नयन गाडीत बसताना म्हणाला.

“पुढच्या कामाला कोणी तुम्हाला बोलावलं नाही, तर दोष माझा होता म्हणून सांगा,” अश्वजित म्हणाला आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागला.