तासाआधीचा मेसेज

सृष्टी आमच्या ऑफिसात आली तेव्हा तिला मराठी टायपिंगसुद्धा धड येत नव्हतं. ते मीच शिकवलं. आणि आता मल्लिनाथ सर येता-जाता तिचं कौतुक करत होते. माझ्या पोटात दुखायचं, उगाच खोटं कशाला बोलू?

आमची संस्था शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी दर महिन्याला एक वेबिनार घेते. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका कापडदुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या. डॉक्टर पुण्याहून बोलतात, माळशिरस-सांगोल्याकडची माणसं आपापल्या घरून ऐकतात. ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांना व्हॉट्सअॅपवर तीन आठवणी जातात. एक आठवडा आधी, एक दिवस आधी आणि एक तास आधी. जॉइन व्हायची लिंक तिन्हींत असते, मजकूर मात्र वेगळा. आठवड्याआधी विषय काय आणि तो का ऐकायचा ते. दिवसाआधी तयारी, म्हणजे फोन चार्ज करून ठेवा, नेट शिल्लक आहे का बघा. तासाआधी नुसतं, चला, या. पहिले दोन मेसेज माझे. तिसरा कोणीही लिहिला तरी चालेल, म्हणून सृष्टीला दिलेला.

मग सरांच्या डोक्यात आलं की तिन्ही मेसेजमध्ये वेगवेगळी छोटी लिंक टाकायची, म्हणजे कोण कुठल्या मेसेजवरून आलं ते कळेल. कळलं. जवळजवळ सगळे तासाआधीच्या मेसेजवरून येत होते.

"सृष्टी, तुझ्या दोन ओळींत जादू हाय बघ," सर म्हणाले.

जादू कसली डोंबलाची! माणूस अगदी आत शिरायच्या वेळी समोर असेल त्याच लिंकवर बोट ठेवणार ना? घरोघरी आमंत्रण मी द्यायचं आणि दारात उभी राहून शाबासकी हिनं घ्यायची. पण हे सरांना सांगायला गेले तर मी जळते असं दिसलं असतं. जळत होतेच, पण दिसायला नको होतं.

त्यात सर जूनपासून अकलूजच्या नव्या केंद्रात जाणार होते. सोलापूरचा सगळा कार्यक्रम आमच्या दोघींपैकी एकीच्या हातात येणार होता. "या वेबिनारनंतर सांगतो," म्हणाले. आठ वर्षं मी तिथं काढलेली आणि ही परवा आलेली. मला ती जागा हवी होती, आणि तिच्या हाताखाली काम करणं तर मुळीच नको होतं.

"सर, या वेळी तासाआधीचा मेसेज मी लिहिते," मी म्हटलं.

सृष्टीनं मानसुद्धा वर केली नाही. "चालंल की ताई. मग आठवड्याचा मी बघते."

एवढ्या सहज? मला वाटलं होतं, निदान तोंड तरी पाडेल.

विषय होता पावसाळ्याआधीची लस. तिनं आठवड्याआधीच्या मेसेजमध्ये लिहिलं, ‘मागच्या पावसाळ्यात तुमच्या शेळ्यांना काय झालं होतं? इथंच बोलून पाठवा. कुठली लस कधी टोचायची ते डॉक्टर सांगतील.’ खाली वार, वेळ, लिंक. बस्स. दुपारपासून ऑफिसच्या फोनवर आवाजच आवाज. सांगोल्याच्या म्हाळसाबाई सांगत होत्या, "दोन करडं गेली बघा माजी. सांजच्याला चांगली हुती, सकाळच्याला पोट फुगून ताठ!" सृष्टीनं सगळं डॉक्टरांना पाठवलं. डॉक्टर खूश, सर खूश. माझ्या आठवड्याच्या मेसेजला आजवर फक्त अंगठे आलेले. तोही मेसेज हिनं पळवला असं झालं मला.

दिवसाआधीची आठवण मी नेहमीसारखी पाठवली आणि सगळा जीव तासाआधीच्या मेसेजवर लावला. डॉक्टरांचा फोटो घालून झकास पोस्टर केलं. त्याखाली चार परिच्छेद. कॉलेजात निबंधाची बक्षिसं उगाच मिळाली नव्हती मला. शेवटी, वाचणाऱ्याचं मन पुरतं भरून आल्यावर, लिंक.

सृष्टीनं वाचलं. "ताई, लिंक वर घ्या की. सहाला माणसं शेळ्या कोंडत असत्यात. एक हात दोरीला, दुसऱ्या हातात फोन."

"तुला तुझा आठवडा दिलाय ना? मग झालं तर."

सहाला मेसेज गेला. थोड्याच वेळात फोन सुरू. पहिला जोतिरामदादांचा. दर वेबिनारला सगळ्यात आधी येणारा माणूस.

"ताई, फोटू आलाय. लिंक कुटं हाय?"

"खाली आहे दादा. ‘अधिक वाचा’वर बोट ठेवा."

"ठिवलं की. डॉक्टर मोठं झालं नुसतं!"

त्यांचं बोट फोटोवर पडत होतं. लांबलचक मजकूर व्हॉट्सअॅप अर्धाच दाखवतं, आणि माझी लिंक त्या झाकलेल्या अर्ध्यात होती. आधीच्या दोन मेसेजमध्येही लिंक होती, पण वर सरकवत ती शोधणार कोण? फोनवर फोन येत राहिले. सात वाजत आले तरी डॉक्टरांसमोर चार-दोनच माणसं. "अजून कोणी नाही का?" डॉक्टरांनी विचारलं. सर अकलूजला गेलेले, नशीब म्हणायचं.

सृष्टीनं ऑफिसचा फोन घेऊन सगळ्यांना नवा मेसेज टाकला. ‘डॉक्टर आलेत. खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेवा.’ त्याखाली लिंक. माझ्या मेसेजमधलीच. कुठल्याही शेतकऱ्याला कोणाला फोन करायचा ते कळावं म्हणून आम्ही मेसेजखाली नाव टाकतो. तिनं माझं लिहिलं, ‘धम्मप्रिया’. आणि माणसं आली. एवढी आली की डॉक्टर साडेआठपर्यंत प्रश्नांची उत्तरं देत बसले.

दुसऱ्या दिवशी सरांनी आकडे पाहिले. "धम्मप्रिया, तासाआधीच्या मेसेजवरून एवढी माणसं आजवर आली न्हाईत! ठरलं. सोलापूर तू सांभाळ."

मी सृष्टीकडे पाहिलं. ती हसली. "अभिनंदन ताई." मनापासून म्हणाली. तिथंच माझं डोकं फिरलं. भांडली असती, फुरंगटून बसली असती, तर मी ती जागा दोन्ही हातांनी घेतली असती. पण हिनं दिलेली जागा मी घ्यायची? आणि रोज हिचा हसरा चेहरा बघत, हे हिचे उपकार आहेत म्हणून आठवत बसायचं? जागा माझी आणि मोठेपणा सगळा हिचा! ते मला झेपणारं नव्हतं.

"सर, माझा मेसेज लोकांना उघडताच आला नाही," मी म्हटलं. "माणसं आली ती हिच्या मेसेजवर. माझं नाव हिनं टाकलं."

सर चमकले. "का गं?"

"माणसं याया पायजे हुती सर," सृष्टी म्हणाली. "नाव कुणाचं का असंना."

झालं. जागा तिला मिळाली. सरांनी माझ्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं, आणि मी ते निमूटपणे घेतलं. प्रामाणिकपणा कसला, जळफळाटच तो. पण सरांना कशाला सांगा?

सृष्टीनं पुढच्या महिन्याचे तिन्ही मेसेज मला लिहायला दिले. तासाआधीचा मी दोन ओळींत बसवला, लिंक वर घेतली आणि मंजुरीसाठी तिच्यापुढं ठेवला. तिनं वाचला. "लई भारी जमलाय ताई!"

त्या आवाजात थोडासा तरी खोचकपणा सापडतो का, म्हणून मी कान देऊन ऐकलं. नाही सापडला. तेवढा सापडला असता, तर ती मला आवडली असती.