काचेच्या दाराचा फ्रीझर

वेलिकोने फ्रीझरसाठी कोपरा कधीच मोकळा करून ठेवला होता. बटाट्यांची पोती मागे ढकलली होती, भिंत पुसली होती. दुपारी शहरातून गाडी यायची होती. दोनशे लेव्हा आगाऊ देऊन झाले होते. उरलेल्या पैशांसाठी मुलीचा होकार हवा होता, कारण ते तिच्याकडूनच उसने घ्यायचे होते.

रालित्सा शहरात हिशेबनीस होती. महिन्यातून एकदा येऊन बापाच्या दुकानाचे कागद नीट लावून द्यायची. आज तिने कोट काढायच्या आधीच विचारलं, "बाबा, या फ्रीझरचे पैसे फिटणार कसे?"

"कसे म्हणजे? मी हिशेब केलाय. छत्तीसशेचा फ्रीझर. मासे, कोंबडी, मटार मिळून रोजची पंचवीस लेव्हांची विक्री. पाच महिन्यांत मोकळे."

"पंचवीस विक्री झाली, हो. त्यातले वीस घाऊकवाल्याचे. तुमच्या हाती पाच."

"बरं, पाच."

"आणि त्यातले तीन विजेला. उभा फ्रीझर, काचेचं दार, वर दिवे. रात्रंदिवस चालणार. राहिले दोन."

वेलिकोने मनातच आकडा मांडला. दोनाने छत्तीसशेला भागायला कागद लागत नाही.

"पाच वर्षं," तो म्हणाला.

"पाच वर्षं. तेही काही बिघडलं नाही तर."

"तू लहानपणी आइस्क्रीम मागायचीस तेव्हा असा भागाकार करत नव्हतीस."

"तेव्हा बिल तुम्ही भरत होता."

तो हसला, पण माघार घेतली नाही. "हे बघ पोरी, तू एक गोष्ट धरलीच नाहीस. दर गुरुवारी ती फिरती गाडी येते. म्हाताऱ्या तिच्याकडे मासे घ्यायला जातात आणि पावही तिथूनच घेऊन येतात. तेलही. मासे माझ्याकडे असले तर पाव माझा. असंच चाललं तर वर्षभरात मला कुलूप लावावं लागेल."

रालित्साने पेन खाली ठेवलं. बाप बरोबर बोलत होता आणि तिला ते कबूल होतं. "ठीक. पावातला वगैरे रोजचा एक लेव्हा धरू. म्हणजे तीन सुटले. सव्वातीन वर्षं." "एवढ्या मुदतीवर मी पैसे देऊ शकते, बाबा. पण मला सांगा, पंचवीस आला कुठून? कोण घेणार?"

"चौदा घरं. सगळ्यांना विचारलंय."

"सांगा बघू."

वेलिको बोटांवर मोजू लागला. नजर सवयीने दाराकडे गेली. रोज सकाळी शटर वर केलं की तो तिकडेच बघायचा. "मिताआजी. शिंपीण स्तोयना. झाफिर. गेर्गिनकाका, त्याला बांगडा आवडतो..."

"बाबा."

"काय?"

"गेर्गिनकाकांचा कागद तुम्हीच चिकटवलात ना?"

दारावर गेर्गिनकाका होते. टाय लावलेले, काळ्या चौकटीत. गावात माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद दुकानाच्या दारावर लागतो. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाला पुन्हा नवा. चेहरे हलतच नाहीत. वेलिको त्यांना शटर उघडताना 'काय म्हणता' असं म्हणायचा. त्याने विचारलं होतं हे खरं, पण मागच्या हिवाळ्यात. तेव्हा गेर्गिनकाका म्हणाले होते, 'आण रे, मी पहिला.'

वेलिकोने दाराशी जाऊन एकेक चेहऱ्यावर बोट ठेवलं. चौदातली पाच घरं तिथे होती.

"नऊ घरं धरली तर?" त्याने पाठमोरंच विचारलं.

"विक्री सोळा. तुमचे तीन. वीज मात्र कमी होत नाही बाबा, फ्रीझर भरलेला असो की रिकामा. तिचेही तीन."

"आणि पाव?"

"पावही तेवढ्याच माणसांचा."

बाहेर भोंगा वाजला. गुरुवारची फिरती गाडी चौकात येऊन थांबली. बाकावरच्या तीन म्हाताऱ्या पिशव्या सावरत उठल्या. मिताआजी दुकानाच्या काचेतून वेलिकोकडे बघून ओशाळल्यासारखी हसली आणि गेली.

वेलिकोने फ्रीझरवाल्याला फोन लावला. "नका आणू," तो म्हणाला. पलीकडून आगाऊ रकमेबद्दल काहीतरी बोलणं झालं. "असू द्या," म्हणून त्याने ठेवून दिला. मग गल्ल्यातून एक नोट काढली.

"कुठे निघालात?"

"तू जेवून जाशील ना? बांगडा आणतो."

तो म्हाताऱ्यांच्या मागे रांगेत उभा राहिला. गाडीवाल्याने त्याला ओळखलं आणि भुवया उंचावल्या. "अहो, तुम्ही? तुमचं तर दुकान आहे!"

"दोन बांगडे," वेलिको म्हणाला. मिताआजीने त्याला पुढे सरकायला जागा दिली.

"पाव देऊ सोबत?"

"नको," तो म्हणाला. "पाव आहे माझ्याकडे. भरपूर आहे."