तेजूच्या गैरहजेरीचं कारण

चिठ्ठी तेजूने स्वतःच आणून दिली. खेमराज मिलमधून येऊन हातपाय धूत होता. ओल्या हातानेच त्याने ती घेतली, तसं पोरगी म्हणाली, "मॅडमनं लेखी उत्तर मागतलं बाबा. उद्या नाही तं परवा."

रामटेके मॅडम नववीच्या वर्गशिक्षिका. अक्षर गोल, भाषा सरळ. 'तेजस्विनी अभ्यासात चांगली आहे, पण दिवाळीनंतर वारंवार गैरहजर राहते. विचारल्यास काही सांगत नाही. पुढच्या वर्षी दहावी आहे. कृपया कारण लेखी कळवावे, म्हणजे हजेरीच्या फाईलला लावता येईल.'

खेमराजने चिठ्ठी दोनदा वाचली. 'विचारल्यास काही सांगत नाही' या शब्दांपाशी तो दोन्ही वेळा थांबला. काही सांगायचं नाही, हे त्यानेच पोरीला बजावलेलं होतं.

आंधळगावात कोष्ट्यांच्या आळीत त्याचं घर. वडिलांच्या काळात दोन माग चालायचे, आता एकच उरला होता, आणि तोही गेल्या पावसाळ्यापासून बंद होता. खेमराज तुमसरच्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर बसायचा. माग सुमित्राचा होता. कोशाच्या रेशमी लुगड्याचा काठ तिच्यासारखा आळीत कोणी काढत नसे. मग हळूहळू तिचा हात थांबू लागला. आधी झोप गेली, मग भूक, मग बोलणं. कधी आठ-आठ दिवस ती बरी असायची, सैपाक करायची, तेजूची वेणी घालायची. मग एखाद्या सकाळी भिंतीकडे तोंड करून बसायची ती संध्याकाळपर्यंत. श्रावणात एकदा ती घरातून निघून गेली. तेजूला ती तलावाच्या पाळीवर सापडली, पाण्याकडे बघत बसलेली. पोरीने हाताला धरून घरी आणली.

त्या दिवसापासून वाईट दिवशी खेमराजने तिला एकटं सोडलं नाही. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरला दाखवलं, गोळ्या सुरू केल्या. पण धानाचा हंगाम लागला की मिलमध्ये सुटी मिळत नाही. भंडाऱ्याला जायचा दिवस मालक कसाबसा देई. बाकी वाईट दिवशी सकाळी तो तेजूला म्हणायचा, "आज तू थांब बापा." ती दप्तर खुंटीला अडकवायची.

गावाला सांगितलं होतं की सुमित्राला रक्त कमी आहे. मोठ्या भावाला मात्र खरं सांगितलं, तर त्याने देवऋषी सुचवला. खेमराज नाही म्हणाला, तेव्हापासून भावाचं येणं बंद झालं. इतर लोक येत, बसत, बीट खाऊ घाला म्हणत, निघून जात. खेमराज मान हलवायचा. रात्री जेवताना तिघांच्या ताटांचा तेवढा आवाज.

पहिलं उत्तर त्याने त्याच संध्याकाळी लिहिलं. वहीच्या मधल्या पानावर, समास आखून. 'माझ्या मुलीला वारंवार ताप येत असल्यामुळे ती शाळेत येऊ शकली नाही.' सही केली आणि तेजूला वाचायला दिलं. तिने वाचून कागद परत केला.

"मले ताप नव्हता बाबा."

"असू दे. लिवाले काय जाते?"

"मॅडम मले पुसन ना. कोणत्या डॉक्टरकडे गेली होतीस, म्हणन. मंग मी काय सांगू?" ती पुढे म्हणाली, "माझ्याच्यानं आता अजून नाही होत."

'अजून' हा शब्द त्याला लागला. पोरगी काय काय पोटात ठेवून शाळेत बसत असेल, याचा त्याने विचारच केला नव्हता. त्याने कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये दुपारी ट्रकांची रांग नव्हती. डबा तसाच ठेवून तो काट्याच्या खोलीत लिहायला बसला. या वेळी खरंच लिहायचं ठरवलं होतं. आणि एकदा खरं सुरू झालं तसं ते थांबेना. झोप, गोळ्या, तलावाची पाळ, भावाचं बोलणं, सासरवाडीने फिरवलेली पाठ. एकदा सुमित्राने पोरीला ओळखलंच नाही असं वाटलं ती सकाळ. रात्री ती श्वास घेते की नाही ते आपण उठून पाहतो, हेसुद्धा. पानामागून पान भरलं. लिहिताना छातीवरचं काही उतरल्यासारखं वाटलं. इतक्या महिन्यांत तो कोणाशीच इतका बोलला नव्हता.

मग एक ट्रक आला. वजन करून परतल्यावर त्याने पानं पुन्हा वाचली, आणि त्याला परसराम आठवला. परसराम शाळेत बाबू होता. फाईलचा प्रत्येक कागद त्याच्या हातून जायचा, आणि त्याचं घर दोन गल्ल्या सोडून. ही पानं संध्याकाळपर्यंत आळीत पोचली असती. परसराम वाईट माणूस नव्हता, पण त्याची बायको पाण्याला गेली की बोलायची. आणि परसरामला बाजूला ठेवलं तरी, ज्या मॅडमला आपण एकदाच पालकसभेत पाहिलं, तिला बायकोच्या झोपेचं आणि श्वासाचं का सांगावं? तिने विचारलं होतं पोरीचं. आपण लिहिलं आपलंच.

पानं त्याने डब्याच्या पिशवीत कोंबली आणि घरी आल्याबरोबर चुलीत घातली.

त्या दिवशी सुमित्राचा दिवस बरा होता. तिने भात मांडला होता. तो चुलीसमोर बसून कागद जळताना पाहत होता.

"काय जाळून राहिले?" तिने विचारलं.

"काही नाही. मिलचे कागद."

"माझ्याबद्दलचं असन," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "चिठ्ठी मी वाचली. तेजूच्या पुस्तकात होती."

सुमित्रा भात ढवळत राहिली. मग म्हणाली, "काय लिवलं होतं?"

"सगळंच."

"तलावाच्या पाळीचंही?"

त्याने मान डोलावली. भाताला उकळी आली, तिने झाकण बाजूला केलं.

"तुमी मॅडमले सांगाले निघाले होते. मले कदी पुसलं नाही."

"तुले तरास होईन म्हणून."

"पोरीले घरी म्या नाही ठेवलं," सुमित्रा म्हणाली. "तुमी ठेवता. ती दिवसभर त्या दारात बसून माझ्याकडे पाह्यते. मी उठलो तं उठते, मी मोरीत गेलो तं दाराशी येते. मले वाटते मी तिले खाऊन राहिलो. त्यानं अजूनच उठू वाटत नाही."

इतके महिने तो समजत होता की हे ओझं तो एकटा वाहतो आहे. त्याच घरात, त्याच चुलीपाशी, ती दुसऱ्या टोकाला एकटी बसली होती, आणि मधल्या दारात पोरगी.

"एकटं तं नाही सोडत मी तुले," तो अखेर म्हणाला.

"नका सोडू. मलेही भेव लागते." ती पहिल्यांदाच हे बोलली. "गिरजाबाईले सांगा. तिचं सूत काढणं इथं बसूनही होते."

गिरजाबाई समोरच राहायची, एकटी. कोशाचं सूत काढून पोट भरायची. तिचं बोलणं कमी, म्हणून आळीतल्या बाया तिच्याकडे फारशा जात नसत.

"तिले काय सांगू?"

"तिले मी सांगतो," सुमित्रा म्हणाली. "तुमी मॅडमचं लिवा."

जेवण झाल्यावर तेजू अभ्यासाला बसली आणि हे दोघं कागद घेऊन बसले. खेमराज लिहायचा, वाचून दाखवायचा. 'आईला सोडून जाता येत नाही' हे सुमित्राने काढायला लावलं. "मी का लेकरू आहो?" 'मानसिक' हा शब्द त्याने लिहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि तिने नाही म्हणण्याआधीच खोडला. "बिमार आहे एवढं लिवा. बिमारच तं आहो मी." 'नाइलाजाने' हा शब्द त्याला हवा होता. तो तिने राहू दिला. अखेर कागद असा झाला:

'प्रति, मा. वर्गशिक्षिका, इयत्ता नववी.

तेजस्विनीच्या आईची प्रकृती काही महिन्यांपासून बरी नाही. सरकारी दवाखान्यात उपचार सुरू आहेत. माझ्या कामामुळे काही दिवस नाइलाजाने तेजस्विनीला घरी थांबावं लागलं. ती आमच्या सांगण्यावरून थांबली, यात तिची चूक नाही. आपण विचारल्यावर ती गप्प राहिली, तेही आमच्याच सांगण्यावरून.

घरी दुसरी व्यवस्था करीत आहोत. तरी एखादा दिवस पुन्हा चुकला तर मी स्वतः फोन करून कळवीन. बुडालेला अभ्यास कसा भरून काढावा, ते आपण सांगावे. आजाराबद्दल वर्गात तिला विचारू नये, ही विनंती. काही विचारायचं असल्यास मला फोन करावा.

आपला, खेमराज.'

खाली त्याने फोन नंबर लिहिला. सुमित्राने कागद हातात घेऊन पाहिला, जणू काठाचं टोक सरळ आलं का ते पाहत होती. मग पोरीकडे दिला. तेजूने वाचला आणि दप्तरात ठेवू लागली.

"राहू दे," खेमराज म्हणाला. "मी नेऊन देतो."

सकाळी मिलला जाताना तो शाळेत थांबला. रामटेके मॅडम ऑफिसात होत्या आणि बाजूच्या टेबलावर परसराम. मॅडमनी उभ्यानेच कागद वाचला. दुसरी कोणी असती तर काय झालं, कधीपासून, असं विचारलं असतं. त्या म्हणाल्या, "हे फाईलला लावलं तर चालेल ना तुम्हाला?"

"चालन मॅडम. त्यासाठीच तेवढं लिवलं."

"बरं. गणित आणि विज्ञान मी पाहते, मधल्या सुटीत. बाकी वह्या मैत्रिणीकडून घेऊ द्या." एवढं बोलून त्यांनी कागद परसरामकडे दिला आणि तासाला गेल्या.

परसरामने कागद वाचला. "वहिनीचं अजून रक्त कमीच आहे का खेमराजभाऊ?"

खेमराजच्या जिभेवर नेहमीचं 'हाव' आलं होतं. ते त्याने गिळलं.

"नाही. बिमारी दुसरी आहे. इलाज चालू आहे."

"कोणती जी?"

"इलाज चालू आहे," खेमराज पुन्हा म्हणाला. परसरामने थोडी वाट पाहिली. पुढे काही येत नाहीसं बघून त्याने फाईल उघडली.

त्यानंतर तेजूची शाळा बहुतेक रुळावर आली. होळीच्या आधी सुमित्राचे दिवस पुन्हा वाईट गेले. डॉक्टरने गोळी बदलली. गिरजाबाई सूत घेऊन येऊन बसायची. काय झालं म्हणून तिने कधी विचारलं नाही, आणि सुमित्राने तिला नेमकं काय सांगितलं होतं, ते खेमराजलाही कळलं नाही. पोरगी एकदा थांबली, गिरजाबाई मयतीला गेली होती त्या दिवशी. खेमराजने सकाळीच मॅडमला फोन केला. वाक्य लहानच होतं, तरी ते त्याने आधी दोनदा मनात जुळवलं.

खरं सांगितलं की माणूस मोकळा होतो, असं त्याने ऐकलं होतं. तसं काही झालं नाही. परसरामकडून आळीत काहीतरी गेलंच असावं, कारण बीट सुचवायला येणारी माणसं कमी झाली, आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मिलमध्ये तो दुपारी एकटाच जेवायचा.

एक नवी सवय मात्र लागली. डबा उघडण्याआधी तो घरी फोन लावायचा. बऱ्या दिवशी सुमित्रा उचलायची.

"जेवली का?"

"हाव. तुमी?"

"बसलो आता."

तिकडून गिरजाबाईच्या चरख्याचा आवाज यायचा, इकडून मिलच्या पट्ट्याचा. बाहेर ट्रकवाला हॉर्न देईपर्यंत दोघंही फोन तसाच कानाला धरून बसायचे.